अण्णांची वही आणि पंधरा एप्रिल

अमेरिकेत राहणारा तुमचा मुलगा, भाचा किंवा जावई जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन करून "बाबा, ठेवींचं व्याज किती जमा झालं हो?" असं विचारत असेल, तर त्याचा तुमच्या पैशावर डोळा आहे असं कृपया समजू नका. बिचारा टॅक्सच्या तयारीला लागलाय. आमच्या घरी या एका प्रश्नावरून दोन-तीन वर्षं बरीच धुसफूस झाली, म्हणून आधीच सांगून टाकतो.

इथे इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायची शेवटची तारीख साधारणपणे १५ एप्रिल. त्या दिवशी शनिवार-रविवार किंवा सुट्टी आली तर ती एखाद-दोन दिवस पुढे सरकते, एवढंच. नवीन आलेल्या मंडळींना वाटतं की एप्रिलमध्ये भरायचं तर मार्चअखेर बसावं. नुसता पगार असणाऱ्या इथल्या गोऱ्या शेजाऱ्याला ते चालतंही. ३१ जानेवारीपर्यंत कंपनीकडून डब्ल्यू-२ नावाचा कागद येतो. त्यात वर्षाचा पगार आणि कापलेला कर असतो. आपल्याकडच्या फॉर्म १६ चा हा चुलतभाऊ. बँक व्याजाचा १०९९ पाठवते. शेअर असतील तर ब्रोकरचा कागद फेब्रुवारीच्या मध्यात येतो आणि कधी कधी मार्चमध्ये "सुधारित प्रत" म्हणून पुन्हा येतो, त्यामुळे ब्रोकरच्या बाबतीत घाई करण्यात अर्थ नसतो. हे कागद जमले की एका रविवारी दुपारी काम उरकतं. डिसेंबरची शेवटची पे-स्लिप जपून ठेवावी आणि डब्ल्यू-२ वरच्या आकड्याशी ताडून पाहावी. पेन्शन योजनेत वळते केलेले पैसे वजा होतात म्हणून करपात्र पगाराचा आकडा एकूण पगारापेक्षा कमी दिसतो. फरक तेवढ्याचाच असेल तर ठीक. त्याहून वेगळा असेल तर फेब्रुवारीतच पेरोलवाल्यांना गाठायचं. इथलं प्रकरण इथे संपलं.

खरी गंमत आहे ती तिकडच्या कागदांची.

अमेरिका आपल्या नागरिकांकडून, ग्रीन कार्डवाल्यांकडून आणि कराच्या दृष्टीने 'रेसिडेंट' ठरलेल्या एचवनवाल्यांकडूनही जगभरातल्या उत्पन्नावर कर मागते. मिरजेच्या बँकेत जमा झालेलं व्याजही त्यात आलं. माझी तिथे दहा लाखांची एक ठेव आहे. इकडे येण्यापूर्वी पुण्यात तीन वर्षं नोकरी केली तेव्हाची पुंजी आणि आजोबांच्या घराच्या वाटणीतून आलेला हिस्सा. ती एनआरओ खात्यात आहे, म्हणजे अनिवासी माणसाचं भारतातलं उत्पन्न ज्या खात्यात जमा व्हावं लागतं त्या खात्यात. दुसऱ्या प्रकारच्या, एनआरई ठेवीवरचं व्याज भारतात करमुक्त असतं, पण इथे तेही दाखवावंच लागतं. "तिकडे टॅक्स फ्री आहे ना, मग इकडे कशाला दाखवायचं?" हे वाक्य मी गणपतीच्या जेवणावळीत दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतो.

आता व्याजाचा आकडा काढणं सोपं वाटतं. बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि आकडा टाकायचा! पण बँकेचं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. बँक जे प्रमाणपत्र छापून देते त्यातला कुठलाच आकडा इथे जसाच्या तसा चालत नाही.

माझ्याच ठेवीचं २०२३ सालचं उदाहरण देतो. ठेव दर तीन महिन्यांनी व्याज देणारी, दर वर्षी १ जुलैला नवी होणारी. जुलै २०२१ मध्ये पाच टक्के मिळत होते, जुलै २०२२ मध्ये सहा, आणि जुलै २०२३ मध्ये सात. म्हणजे २०२३ मध्ये मार्चअखेर १५,००० रुपये, जूनअखेर १५,०००, सप्टेंबरअखेर १७,५०० आणि डिसेंबरअखेर १७,५००. बेरीज ६५,०००. बँकेच्या २०२२-२३ च्या प्रमाणपत्रावर होते ५७,५००, कारण त्यात एप्रिल ते जून २०२२ चे जुन्या दराचे १२,५०० होते. २०२३-२४ च्या प्रमाणपत्रावर ६७,५००, आणि ते हातात यायचं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आमची तारीख उलटून गेल्यावर. इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचे ६५,०००, आणि हा आकडा बँकेच्या कुठल्याही छापील प्रमाणपत्रावर नव्हता.

सुरुवातीला मी शाखेला ईमेल करून "जानेवारी ते डिसेंबरचं प्रमाणपत्र द्या" असं विचारायचो. उत्तर यायचं, "सिस्टिममध्ये तशी सोय नाही." ते खोटं नव्हतं. पुढे एका सज्जन अधिकाऱ्यानेच कानमंत्र दिला : प्रमाणपत्र मागू नका, खातेउतारा मागा. उताऱ्याला कुठल्याही दोन तारखा चालतात. तेव्हापासून माझं पत्र ठरलेलं आहे. "१ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातला माझ्या एनआरओ बचत खात्याचा उतारा, ज्यात ठेवीचं व्याज जमा झाल्याच्या तारखा आणि कापलेला टीडीएस स्वतंत्र ओळीत दिसेल, तसंच या वर्षात चालू असलेल्या आणि मोडलेल्या प्रत्येक ठेवीचा क्रमांक." एवढंच. नेट बँकिंग आहे, त्यामुळे उतारा मी स्वतःही काढू शकतो. पण मोडलेली ठेव स्क्रीनवरून गायब होते आणि तिचा क्रमांक मग शाखेतूनच मिळवावा लागतो. हा क्रमांक का हवा ते पुढे येईलच.

अण्णा (माझे वडील, वय ८१, पाटबंधारे खात्यातून निवृत्त) या सगळ्यापेक्षा विश्वासार्ह आहेत. त्यांच्याकडे एक लाल कापडी बांधणीची लांब वही आहे. तिच्यात प्रत्येक ठेवीची पावती, दर, मुदत आणि व्याज जमा झाल्याची तारीख निळ्या शाईने लिहिलेली असते. टीडीएस लाल शाईने. बँकेचं उत्तर फेब्रुवारीत येवो की मार्चमध्ये, वहीच्या पानाचा फोटो जानेवारीतच येतो. पुढे बँकेचा उतारा आला की मी तो वहीशी ताडून पाहतो. आजवर वही चुकलेली नाही, उतारा एकदा चुकलाय.

त्या लाल शाईबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण पुष्कळ हुशार माणसं इथे घसरतात.

एनआरओ ठेवीवरच्या व्याजातून बँक तीस टक्के आणि त्यावर सेस, असे मिळून ३१.२ टक्के कापून घेते. अगदी पहिल्या रुपयापासून. माझ्या ६५,००० मधून २०,२८० रुपये गेले. आता इथलं टॅक्सचं सॉफ्टवेअर विचारतं, "परदेशात कर भरलात का?" आपण आनंदाने "हो" म्हणतो, २०,२८० चे डॉलर करून टाकतो आणि तेवढी सूट पदरात पाडून घेतो. रक्कम लहान असेल तर वेगळा फॉर्मही भरावा लागत नाही, सॉफ्टवेअर खूश, आपणही खूश.

पण टीडीएस म्हणजे कर नव्हे, तो कराचा ॲडव्हान्स. माझं भारतातलं उत्पन्न म्हणजे ही एवढी ठेव आणि बचत खात्याचं किरकोळ व्याज. त्या वर्षी अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तिकडे कर नव्हता, आणि ही मूळ सूट व्याजाच्या बाबतीत अनिवासी माणसालाही मिळते. म्हणजे भारतात माझा खरा कर होता शून्य. रिटर्न भरलं की २०,२८० चे २०,२८० परत. आणि जो कर तुम्हाला परत मिळू शकतो, तो अमेरिकेच्या नियमानुसार 'भरलेला कर' धरला जात नाही. तुम्ही परत मागण्याचा आळस केलात तरीसुद्धा नाही! भारताशी झालेल्या करारात बँकेच्या अशा व्याजावर सर्वसाधारणपणे पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे. ज्याचं भारतातलं उत्पन्न मोठं आहे त्यालाही त्या मर्यादेपलीकडे कापलेल्या रकमेची सूट इथे घेता येत नाही. ते पैसे तिकडेच मागायचे.

माझ्या आकड्यात सांगायचं तर ६५,००० रुपयांचे त्या वर्षीच्या सरासरी दराने साधारण ७८७ डॉलर होतात. बावीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाला त्यावर १७३ डॉलर केंद्राचा कर बसतो, राज्याचा थोडा वेगळा. टीडीएसचे होतात जवळजवळ २४६ डॉलर. ते टाकले असते तर व्याजावरचा १७३ डॉलरचा कर पूर्ण पुसला गेला असता. मग जुलैनंतर भारतातून परतावा आला की तो सगळा उलगडत बसा, सुधारित रिटर्न भरा. त्यापेक्षा मी इथे सूट शून्य दाखवतो, पूर्ण कर भरतो आणि तिकडून परतावा मागतो. पैसे तेवढेच पडतात, झोप चांगली लागते.

यात एक तिढा आहे. जानेवारी ते मार्च २०२३ चं व्याज भारताच्या एका वर्षात गेलं आणि एप्रिल ते डिसेंबरचं दुसऱ्या. त्या दुसऱ्या वर्षाचं भारतातलं रिटर्न एप्रिल २०२४ मध्ये भरायला घेण्याइतके कागदच तयार नसतात, त्याची मुदत ३१ जुलै. म्हणजे इथलं रिटर्न भरताना तिकडचा कर किती ठरेल याचा अंदाज स्वतःच मांडावा लागतो. त्यासाठी तारखेवार नोंद हवी. वर्षाची बेरीज असून उपयोग नाही, तिमाही हवी. म्हणून अण्णांची वही.

आता धुसफुशीकडे वळतो.

टॅक्स रिटर्नखेरीज इथे एफबार नावाचा एक वेगळा अहवाल भरावा लागतो. तो टॅक्स खात्याच्या रिटर्नबरोबर जात नाही, अर्थखात्याच्या वेगळ्या साइटवर भरायचा. त्यात कर काहीच नसतो, फक्त माहिती. परदेशातल्या तुमच्या सगळ्या खात्यांची वर्षभरातली सर्वाधिक शिल्लक मिळून एखाद्या दिवशी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी सगळी खाती कळवायची. ८३ च्या दराने धरलं तर सव्वाआठ-साडेआठ लाख रुपये. मुदत १५ एप्रिलच, न जमल्यास न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते.

"तुमच्या खात्यांची" म्हणजे ज्यावर तुमचं नाव आहे ती. पैसे कुणाचे हा प्रश्न नाही. अण्णांच्या तीन-तीन लाखांच्या तीन ठेवी होत्या, पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. पैसे त्यांचे, व्याज त्यांचं, त्यावरचा कर त्यांचा. माझ्या टॅक्स रिटर्नमध्ये त्या व्याजाचा एक रुपया येत नाही. पण एफबारमध्ये तिन्ही ठेवी, पूर्ण रकमेसकट. निम्मी रक्कम दाखवून चालत नाही.

हे मी फोनवर समजावलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग अण्णा म्हणाले, "माझ्या निवृत्तीच्या पैशाशी अमेरिकेच्या सरकारचा संबंध काय?"

"संबंध काही नाही अण्णा. माझं नाव आहे म्हणून फक्त कळवायचं."

"तुझं नाव मी विश्वासाने घातलं होतं रे."

यावर काय बोलणार? त्यांच्या दृष्टीने मी घरचा हिशेब बाहेरच्याला दाखवत होतो. त्या वर्षी वहीच्या पानाचा फोटो आला नाही. आईने दोन आठवड्यांनी पावत्यांवरचे आकडे फोनवर हळू आवाजात वाचून दाखवले, शेजारच्या खोलीत अण्णा असताना.

न कळवल्यास काय होतं हेही त्यांना सांगावं लागलं. जाणूनबुजून लपवलं नाही तरी दंड कायद्याने दहा हजार डॉलरपर्यंत, आणि महागाईप्रमाणे तो आकडा आता आणखी वाढलेला. पूर्वी सरकारचं म्हणणं होतं की हा दंड प्रत्येक खात्याला वेगळा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बिटनर नावाच्या माणसाच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की अनवधानाने राहिलं असेल तर दंड दर वर्षाच्या अहवालाला एक, खात्यागणिक नव्हे. अण्णांनी ते शांतपणे ऐकलं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला दंड आणि कोर्ट हे शब्द बरोबर कळतात. पुढच्या मेमध्ये मी मिरजेला गेलो तेव्हा आम्ही दोघं बँकेत गेलो आणि तीनपैकी दोन ठेवींवरचं माझं नाव काढून मला वारस म्हणून नेमलं. नुसता वारस, म्हणजे नॉमिनी असेल तर एफबारमध्ये दाखवावं लागत नाही, कारण तो हयातीत पैसे काढू शकत नाही. तिसरी ठेव मुद्दाम तशीच ठेवली. मध्यरात्री दवाखान्यात पैसे भरायची वेळ आली तर दुसऱ्या सहीचा माणूस हवा. तो सात समुद्रापार असला तरी नेट बँकिंगने भरू शकतो. वर्षातून एक ओळ जास्त लिहिण्याची ती किंमत मला मान्य आहे. (ज्या वर्षी नावं काढली त्या वर्षी मात्र तिन्ही ठेवी दाखवाव्या लागल्या. वर्षात एक दिवस जरी नाव असलं तरी ते वर्ष मोजलं जातं.)

आणि आता तो मोडलेल्या ठेवीचा क्रमांक. आमच्या बँकेत ठेव नवी झाली की तिला नवा क्रमांक मिळतो. एफबारच्या हिशेबी ती दोन वेगळी खाती. माझे दहा लाख जून २०२३ पर्यंत एका क्रमांकाखाली होते, जुलैपासून दुसऱ्या. दोन्हींची सर्वाधिक शिल्लक दहा-दहा लाख, म्हणून अहवालात वीस लाख, चोवीस हजार डॉलर. जवळ दहा लाख असताना वीस दाखवायचे! हे विचित्र दिसतं पण बरोबर आहे, त्यावर कर नसल्याने तोटाही नाही. शिवाय यातला दर वेगळा. व्याजाला वर्षाचा सरासरी दर वापरला तरी एफबारला अर्थखात्याने ३१ डिसेंबरसाठी जाहीर केलेलाच दर वापरायचा. पैसे याहून बरेच जास्त असतील तर टॅक्स रिटर्नबरोबर ८९३८ नावाचा आणखी एक फॉर्म लागतो. इथे राहणाऱ्या एकट्या माणसाला वर्षअखेर ५०,००० डॉलर, नवरा-बायको मिळून भरत असतील तर एक लाख, अशी त्याची सुरुवात आहे.

माझ्या फोनमधल्या आठवणी या सगळ्यावरून ठरलेल्या आहेत. "टॅक्स भरा" अशी आठवण मी कधीच लावत नाही. ती वाजली की माणूस ती बंद करून चहा प्यायला जातो. २ जानेवारीला वाजतं : "३१ डिसेंबरची शिल्लक, सगळी खाती, स्क्रीनचा फोटो." ३ जानेवारीला : "बँकेला उताऱ्याचं पत्र. जुने ठेव क्रमांक." तिसऱ्या शनिवारी : "अण्णांना फोन." यात वहीचा उल्लेख मुद्दाम नसतो. आधी तब्येत, पाऊसपाणी, मिरजेच्या स्टेशनाजवळचा पूल. वही आपोआप निघते. ५ फेब्रुवारीला डब्ल्यू-२ आणि पे-स्लिप. २० फेब्रुवारीला उतारा आला नसेल तर बँकेला दुसरं पत्र. मार्चच्या दुसऱ्या रविवारी रिटर्न भरायला बसायचं, आणि त्याच बैठकीत एफबार, कारण तोवर सगळे आकडे समोर पसरलेले असतात. ब्रोकरचा सुधारित कागद अडला तर ४८६८ नंबरचा फॉर्म भरून ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. पण ती कागद भरायची मुदत, पैसे भरायची नव्हे. देणं असेल त्याचा अंदाज करून ते १५ एप्रिललाच द्यायचं, नाहीतर व्याज आणि दंड सुरू.

मग १० जूनला आणखी एक वाजते : "भारताचं रिटर्न." टीडीएसच्या नोंदी तोवर पोर्टलवर दिसू लागतात. अनिवासी माणसाने घाईत साधा, निवासी लोकांसाठीचा पहिला फॉर्म निवडायचा नाही, व्याजाला दुसरा लागतो. परतावा जिथे यायचा ते एनआरओ खातं पोर्टलवर आधी पडताळून घ्यायचं. आधारवरून पडताळणीचा ओटीपी माझ्या जुन्या भारतीय नंबरवर जातो, तो फोन आईच्या कपाटात साड्यांखाली असतो. म्हणून आईची झोपायची वेळ आणि माझी ऑफिसला निघायची वेळ यांच्यामधला अर्धा तास गाठावा लागतो. फोन आदल्या दिवशी चार्ज करून ठेव असं तिला सांगावं लागतं. ती आठवण ९ जूनला आहे.

यंदा उतारा फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात आला. वहीचं पान त्याच्या आधी आलं होतं. अण्णांचा हात आता थोडा कापतो, त्यामुळे साताचा एक वाटतो. मी उलट विचारलं तर आलेल्या उत्तरात लिहिलं होतं, "सातच आहे. चष्मा लाव."